कोकणातल्या घराच्या अंधाऱ्या फोटोत पाचचं ऊन: कामाच्या नोंदी

८ ऑगस्ट

काम असं आहे: एका कथासंग्रहाचं मुखपृष्ठ. फोटो माझाच, जुलैच्या पावसात रत्नागिरीकडच्या एका जुन्या घरात काढलेला, माजघराची रिकामी खोली, लाल कोबा, चुन्याच्या भिंती, समोरच्या भिंतीला टेकवलेली एक लाकडी पेटी. बाहेर ढग, आत मिणमिणता उजेड. संपादक ताईंचं म्हणणं की खोली अशीच अंधारी राहू दे, पण खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलंय असं दिसू दे. खिडकी फोटोत नाहीये, ती माझ्या पाठीमागच्या भिंतीत आहे, म्हणजे दिसणार फक्त तिचं ऊन.

असं काम नेहमी ज्या पद्धतीने होतं ती म्हणजे वर एक पिवळा चौकोन टाकायचा, ओव्हरले किंवा स्क्रीन मोड लावायचा, कडा थोड्या धूसर करायच्या की झालं. ते दुरून बरं दिसतं पण जवळून बघितलं की पिवळा कागद चिकटवल्यासारखं दिसतं. ऊन हे रंगासारखं वरून बसत नाही ना, ते खालच्या पृष्ठभागाच्या रंगाला गुणून येतं: लाल कोब्यावर लाल, चुन्यावर पांढरट, आणि कोब्यातली चीर न् चीर उन्हात जास्त स्पष्ट होते, झाकली जात नाही. म्हणून यावेळी रंग फासायचाच नाही. त्याच फोटोची उजळ आवृत्ती करायची आणि ती मास्कमधून जिथे ऊन पडेल तिथेच दाखवायची. खरं काम मास्कचा आकार काढण्याचं आहे.

नशिबाने फोटो काढताना सवयीने मापं घेतली होती. खिडकीपासून समोरची भिंत १२ फूट. खिडकीची उंबरठ्याची कड जमिनीपासून ३ फुटांवर, वरची ७ फुटांवर, रुंदी साडेतीन फूट. भिंत दीड फूट जाड. उभे लोखंडी गज, अर्ध्या इंचाचे. फोनच्या होकायंत्रावर खिडकी बरोबर पश्चिमेला. कॅमेरा खिडकीच्याच भिंतीला चिकटवून ट्रायपॉडवर, १८ मिमी लेन्स, ६००० पिक्सेल रुंदीची रॉ फाइल.

१० ऑगस्ट

सूर्य कुठे ठेवायचा ते ठरवलं. मनाला येईल तिथे ठेवता येत नाही, कारण कोकणातल्या घराचं छप्पर खाली उतरलेलं असतं. इथे छपराची कड भिंतीपासून अडीच फूट बाहेर आणि जमिनीपासून ८ फुटांवर आहे. हिशोब केला तर सूर्य क्षितिजापासून २० अंशांच्या वर असला की छपराची सावली खिडकीला वरून खायला लागते. म्हणून २० अंशच धरले. आणि सूर्य पश्चिमेच्या २० अंश दक्षिणेला धरला. रत्नागिरीच्या अक्षांशावर ही जोडी जुळते ती फेब्रुवारीच्या मध्याला किंवा ऑक्टोबरच्या शेवटाला. फेब्रुवारीत घड्याळ साधारण पाच-सव्वापाच दाखवत असेल, सूर्यास्ताला जवळपास दीड तास बाकी. कथासंग्रहाच्या वाचकाला हे कळणार नाही हे मान्य, पण त्या भागात राहिलेल्या माणसाला न सांगता कळतं की कुठल्या महिन्यात ऊन कुठवर येतं.

आता पट्टा कुठे पडणार:

```
जमिनीवरचं अंतर = उंची ÷ tan(20°) × cos(20°)
बाजूला सरकणं = अंतर × tan(20°)
```

खालची कड ३ फुटांवर, म्हणजे पट्टा खिडकीपासून पावणेआठ फुटांवर सुरू होतो. त्याच्या अलीकडची सगळी जमीन उन्हाशिवाय! हे बघून बरं वाटलं, कारण फोटोचा खालचा भाग, जिथे लेखकाचं नाव यायचंय, तो आपोआप अंधारात राहतो.

वरच्या कडेला जाड भिंतीची भानगड आहे. उंबरठ्याला ऊन अडतं ते आतल्या कडेला, पण वर ते अडतं बाहेरच्या कडेला, आणि दीड फूट भिंत पार करताना किरण अजून थोडा खाली येतो, सात इंच. म्हणजे आतून बघितलं तर खिडकीची वरची कड ७ फुटांऐवजी जवळपास ६.४ फुटांवर असल्यासारखी वागते. तिथून निघालेला किरण जमिनीला पोचायच्या आधीच समोरच्या भिंतीवर आपटतो, पावणेदोन फूट उंचीवर. म्हणजे आपला पट्टा जमिनीवर सव्वाचार फूट चालतो आणि मग भिंतीवर पावणेदोन फूट चढतो. जाड भिंत बाजूनेही अर्धा फूट खाते, साडेतीन फुटांच्या खिडकीतून साधारण तीन फूट रुंद ऊन आत येतं. आणि सगळा पट्टा डावीकडे सरकतो, भिंतीपाशी पोचेपर्यंत जवळजवळ साडेचार फूट.

११ ऑगस्ट

मास्क काढला. जिंपमध्ये आधी वरून बघितल्यासारखा नकाशा, १ फुटाला ४०० पिक्सेल, त्यावर तिरका पट्टा आणि त्यात गजांच्या रेघा. मग तो `Perspective` टूलने फोटोतल्या जमिनीवर ताणून बसवला. इथे जुन्या गवंड्याचे आभार, कारण कोबा ओला असताना त्याने दोरी मारून दोन-दोन फुटांच्या चौकटी पाडल्यात. नकाशातही तीच दोन फुटांची जाळी काढली होती, जाळीवर जाळी बसली की पट्टा बरोबर जागी. फरशी असती तर तिच्या सांध्यांवर हेच झालं असतं, गुळगुळीत जमीन असती तर मात्र भिंतीचे कोपरे धरून अंदाजाने बसवावं लागलं असतं.

बसला की नाही ते तपासायला एक सोपी खूण आहे. जमिनीवरच्या गजांच्या सगळ्या सावल्या खऱ्या खोलीत एकमेकींना समांतर असतात, म्हणून फोटोत त्या पुढे वाढवल्या तर एकाच बिंदूत मिळायला हव्यात, आणि तो बिंदू कॅमेऱ्याच्या उंचीच्या आडव्या रेषेवर हवा. माझ्या लेन्सला तो फोटोच्या मध्यापासून डावीकडे साधारण १६७० पिक्सेलवर येतो. चारही रेघा लांबवून बघितल्या, तिथेच जातायत.

भिंतीवरचा तुकडा वेगळा काढला कारण तिथे नियम बदलतो. उभ्या गजाची सावली उभ्या भिंतीवर उभीच पडते, सूर्य कितीही तिरका असला तरी. म्हणजे जमिनीवर तिरक्या येणाऱ्या रेघा भिंतीच्या पायाशी मोडतात आणि सरळ वर जातात. बनावट ऊन ओळखायची पहिली जागा हीच. बहुतेक वेळा लोक तिरकेपणा तसाच भिंतीवर नेतात आणि मग भिंत पाठीमागे कललेली वाटते, बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

पेटी पट्ट्यात येते. ती दीड फूट उंच, दीड फूट खोल. तिची पुढची बाजू ही भिंतच समजायची, तिथे ऊन पूर्ण येतं. वरचं झाकण ही जमीन समजायची. आणि तिच्या मागच्या भिंतीवर फक्त वरचे तीनेक इंच उन्हात उरतात. पेटीची स्वतःची सावली तिच्या डाव्या अंगाला भिंतीवर, साडेसहा इंच रुंद.

१४ ऑगस्ट

आज उजेड किती द्यायचा ते बघितलं, आणि या सगळ्या कामात मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सहज सुचणारी गोष्ट म्हणजे जमिनीवर झगझगीत ऊन आणि भिंतीवर चढताना ते फिकं होत गेलेलं, कारण भिंत लांब आहे. हे पूर्ण उलटं आहे. सूर्य इतका लांब आहे की खोलीतले बारा फूट त्याच्या खिजगणतीत नाहीत, अंतराने ऊन कमी होतच नाही. ते कमी होतं ते पृष्ठभाग किती तिरका आहे त्यावर. २० अंशांवरचं ऊन जमिनीला घासून जातं, तेवढाच प्रकाश लांबवर पसरतो, जमिनीच्या वाट्याला पूर्ण उन्हाचा जेमतेम ३४ टक्के. समोरची भिंत मात्र सूर्याला जवळपास तोंड देऊन उभी आहे, तिला ८८ टक्के. म्हणजे भिंतीवर जमिनीच्या अडीचपट ऊन, वर ती पांढरी आणि कोबा काळपट लाल. भिंतीवरचा तो पावणेदोन फुटांचा तुकडा हाच फोटोतला सगळ्यात उजळ भाग असायला पाहिजे. पश्चिमेची खिडकी असलेल्या कुणीही घरी संध्याकाळी बघावं, सूर्य खाली येईल तशी जमीन मंद होत जाते आणि भिंत पेटते.

डार्कटेबलमध्ये त्याच रॉ फाइलच्या तीन आवृत्त्या काढल्या. पहिली अंधारी, मूळ एक्स्पोजरच्या दोन स्टॉप खाली, म्हणजे दर स्टॉपला उजेड निम्मा, रंग जरा निळसर. दुसरी जमिनीसाठी, अंधारीपेक्षा २.६ स्टॉप वर. तिसरी भिंतीसाठी, ४ स्टॉप वर. दोन्ही उजळ आवृत्त्यांचा व्हाइट बॅलन्स उबदार. आकडे बघितले तर अंधारीत भिंत २५५ पैकी ६० वर होती ती २२० वर आली, कोब्याचा लाल चॅनल ५० वरून १२० च्या जरा वर. भिंत २५५ ला जाऊन फुटली नाही, चुन्याच्या कुंच्याचे फटकारे दिसतायत, हेच हवं होतं.

४ स्टॉप ऐकायला भयानक वाटतं, अंधार एवढा उचलला की नॉइज येणारच. पण इथे अंधार मी स्वतः केलाय, कॅमेऱ्याने खोली नीट एक्स्पोज केली होती, त्यामुळे भिंतीची आवृत्ती मूळ फाइलच्या फक्त दोन स्टॉप वर आहे. तेवढा नॉइज डार्कटेबलच्या डीनॉइजने आधीच काढला. हाच उद्योग मोबाइलच्या अंधाऱ्या जेपेगवर केला असता तर भिंतीवर रंगांचे डाग आणि पट्टे उठले असते, तिथे दोन स्टॉपच्या पुढे जाऊ नये असं माझं मत.

जिंपमध्ये तिन्ही थर एकावर एक, फाइल `32 bit floating point`, `Linear light`. हे लिनिअर महत्त्वाचं आहे, नाहीतर मास्कच्या धूसर कडेवरचा उजेड चुकीचा मिसळतो. पेटीचं झाकण जमिनीच्या थरात, पुढची बाजू भिंतीच्या थरात.

१५ ऑगस्ट

सुट्टी, म्हणून निवांत कडांवर बसलो.

सूर्य ठिपका नाही, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाहून जराशी मोठी दिसते. त्यामुळे सावलीची कड जितक्या लांबवर पडेल तितकी धूसर होते, अंतराच्या साधारण १०८व्या भागाएवढी. खिडकीपासून पट्ट्याच्या सुरुवातीपर्यंत किरण पावणेतीन मीटरच्या आसपास चालतो, तिथे कड अडीच सेंटिमीटर धूसर. भिंतीपाशी चार मीटर, तिथे पावणेचार सेंटिमीटर.

आता गज बघा, ते आहेत सव्वा सेंटिमीटरचे. म्हणजे धूसरपणा गजापेक्षा जाड! याचा अर्थ गजाची काळीकुट्ट सावली या खोलीत कुठेच पडू शकत नाही, गज सूर्याची थाळी पूर्ण झाकूच शकत नाही. हिशोबाने पट्ट्याच्या सुरुवातीला सावलीच्या मध्यावर साठ टक्के ऊन अडतं आणि भिंतीपाशी चाळीसच टक्के. तुरुंगाच्या गजांसारख्या कडक काळ्या रेघा दिसल्या की समजावं कुणीतरी मास्कवर ब्लर द्यायला विसरलाय.

ब्लर किती? मला वाटलेलं की पुढे कमी मागे जास्त असं करत बसावं लागणार, पण गंमत झाली. लांब जाईल तसा धूसरपणा वाढतो, आणि लांब जाईल तसं फोटोत सगळं लहानही होतं. कॅमेरा खिडकीच्याच भिंतीला असल्याने दोन्हीचं प्रमाण जवळजवळ सारखं, एकमेकांना खाऊन टाकतात, पट्ट्याच्या सुरुवातीला आणि भिंतीपाशी दोन्हीकडे कड साधारण ४८ पिक्सेल रुंद येते. म्हणून पूर्ण मास्कला एकच `Gaussian Blur`, १४ पिक्सेल. नंतर मास्कवर पिकर फिरवून बघितलं, गजांच्या जागी सुरुवातीला जवळपास साठ टक्के अंधार, भिंतीवर चाळीसच्या आसपास. कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असता तर हे जमलं नसतं, तिथे दोन वेगळ्या ब्लरचे मास्क करून ग्रेडियंटने जोडावे लागतात.

एकच अपवाद पेटीची सावली. ती पेटीपासून दीड फुटाच्या आत पडते त्यामुळे तिची कड फार तर अर्धा सेंटिमीटर धूसर. ती वेगळी, धारदार ठेवली, ब्लर २ पिक्सेल. धूसर गज आणि शेजारी धारदार पेटी, ही जोडी दिसली की डोळा बाकी काही विचारत नाही.

१९ ऑगस्ट

चार दिवसांनी ताज्या डोळ्याने बघितलं. पट्टा बरोबर आहे पण खोलीला त्याची खबरच नाही, जणू ऊन पडलं आणि तिथेच संपलं. उलटा उजेड राहिलाय.

उन्हाने उजळलेला कोबा स्वतः एक लाल दिवा होतो, भिंतीवरचा पांढरा तुकडा स्वतः एक उबदार दिवा होतो. म्हणून चौथा थर: अंधारी आवृत्ती एक स्टॉप वर, आणि त्याला मोठा मऊ मास्क हाताने. उन्हाच्या तुकड्याच्या वरची भिंत तीनेक फुटांपर्यंत हळूहळू विरत जाणारी, रंग किंचित तांबूस, कारण तिथे पोचणारा उजेड कोब्यावरून आलाय. भिंतीच्या पायाजवळचा, उन्हाबाहेरचा कोबा मात्र पिवळसर, कारण त्याला चुन्याच्या भिंतीचा उजेड मिळतो. पेटीच्या सावलीतही थोडा उजेड गेला, ती भोकासारखी काळी दिसत होती ते थांबलं. वरच्या तुळयांच्या खालच्या अंगाला अगदी जराशी लाली, ०.३ स्टॉप, दिसते-न-दिसते.

प्रमाण ठरवायला सोपी युक्ती, थर चालू-बंद करायचा. चालू केल्यावर "अरे लाल केलं" असं वाटलं तर जास्त झालं. बंद केल्यावर खोली मेल्यासारखी वाटली तर बरोबर.

हवेत तिरके धुराचे झोत टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ते टाकले नाहीत. झोत दिसायला हवेत धूळ किंवा धूर लागतो, चूल पेटलेली असती तर वेगळी गोष्ट. इथे खोली रिकामी आहे.

२६ ऑगस्ट

ताईंना आवडलं, पण विक्री बघणाऱ्यांनी विचारलं की रात्रीचा एक पर्याय मिळेल का. पेटीवर एक शेडवाला दिवा आहे, फोटोत बंद. तो पेटवायचा म्हणजे सगळं पुन्हा, कारण दिव्याचे नियम उन्हाच्या विरुद्ध.

शेडच्या वरच्या तोंडातून प्रकाशाचा शंकू निघतो आणि शेजारची भिंत तो उभा कापते, त्यामुळे भिंतीवर गोल न दिसता वर पसरत जाणारी कमान दिसते, गणितातला हायपरबोला. बल्ब भिंतीपासून ८ इंचांवर आणि शेडमधून प्रकाश उभ्या रेषेपासून ४० अंशांपर्यंत पसरतो असं धरलं:

```
उंची = √(8² + x²) ÷ tan(40°)
```

बरोबर वर साडेनऊ इंचांवर कमानीचा तळ, बाजूला एक फूट गेलं की १७ इंच, दोन फूट गेलं की ३० इंच. भिंतीवर माझ्या फोटोत एका इंचाला ३२ पिक्सेल, तेवढ्या खुणा करून `Paths` ने वळण काढलं. खालच्या तोंडाची कमान उलटी, तिचा बराचसा भाग पेटीवरच जातो.

उजेड मात्र इथे अंतराने झपाट्याने पडतो, आणि भिंत वर वर जाईल तशी दिव्याला तिरकीही होत जाते, दोन्ही मिळून बल्बच्या दोन फूट वर तो कमानीच्या तळापेक्षा आठपटीने कमी, म्हणजे तीन स्टॉप. म्हणून मास्कमध्ये सरळ ग्रेडियंट चालत नाही, तळाशी एकदम तेजस्वी आणि लगेच घसरणारा हवा. तो एकसारखा ठेवला की भिंतीवर दिव्याऐवजी स्टिकर दिसतं. शेड स्वतः उजळ, कारण कापडातून प्रकाश गाळून येतो, आणि तिच्याभोवती थोडी आभा, ती `Addition` मोडमध्ये, कारण ती भिंतीवर पडलेली नसून लेन्समध्ये तयार होते, तिथे गुणाकाराचा नियम लागत नाही.

२ सप्टेंबर

उन्हाचाच पर्याय नक्की झाला. १६ बिट टिफ काढून प्रेसला दिली. प्रूफवर अंधारी बाजू अजून काळी झाली आणि तुळयांवरची लाली गेली, जाऊ दे, पण भिंतीच्या पायाजवळचा उलटा उजेडही निम्मा गेला होता, तो चौथा थर ०.४ स्टॉपने वाढवून फाइल पुन्हा पाठवली. कागद मॅट आहे, त्यावर काळं यापेक्षा खोल येणार नाही असं छापखान्यातल्या काकांनी सांगितलं, तेव्हा अंधारी आवृत्तीही पाव स्टॉप वर घेतली. दुसरं प्रूफ गुरुवारी.